पदर उलटून पाहा

"शाही थाटाची, पारंपरिक कारागिरीने नटलेली अस्सल पैठणी. उत्कृष्ट दर्जाचे रेशीम, झळाळती जर आणि मनमोहक मोरांचा पदर. आपल्या खास क्षणांसाठी खास निवड." लग्नसराईत हा मजकूर कुठे ना कुठे डोळ्यांखालून जातोच. साडीच्या खोक्यातल्या कार्डावर, दुकानाच्या फलकावर, फोनवर आलेल्या फोटोखाली. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, इतकंच. हा मजकूर 32,000 रुपयांच्या साडीखाली असतो आणि 2,800 रुपयांच्या साडीखालीही असतो. दोन्ही ठिकाणी तो सारखाच शोभतो, आणि येवल्याच्या विणकराचं नुकसान नेमकं तिथे होतं.

महाग वस्तूचं समर्थन करणारा परिच्छेद लिहिणं हे वेगळं काम आहे. साध्या जाहिरातीत वस्तू चांगली आहे एवढं सांगून भागतं. इथे मात्र गिऱ्हाइकाने शेजारच्या दुकानात तशीच दिसणारी वस्तू दहापट कमी किमतीत पाहिलेली असते. "ही चांगली आहे का?" हा तिचा प्रश्न नसतोच. "ती स्वस्तात मिळत असताना ही का घेऊ?" हा असतो. वरच्या मजकुरातलं एकही वाक्य या प्रश्नाकडे वळत नाही. शाही, अस्सल, मनमोहक हे शब्द नकली साडीलाही फुकट मिळतात.

म्हणून असा परिच्छेद तपासायची एक कडक कसोटी मी सांगते. तो उचलून स्वस्त साडीखाली ठेवा आणि एकेक वाक्य वाचा. जे वाक्य तिथेही खपून जातं ते खोडा. वरच्या मजकुरावर ही कसोटी लावली तर काहीच उरत नाही. उरेल असं काही लिहायचं असेल, तर आधी या दोन साड्यांमध्ये खरा फरक कुठे आहे ते मागाजवळ जाऊन समजून घ्यावं लागतं.

फरक रेशमात आहे असं बहुतेकांना वाटतं. तसा तो कधी असतो, कधी नसतो. बाजारात सेमी पैठणी म्हणून जी साडी मिळते तिच्यात पुष्कळदा पॉलिस्टर असतं किंवा मिश्र धागा असतो. पण शुद्ध रेशमाची, यंत्रमागावर विणलेली, मोरांच्या पदराची साडीही मिळते. तिच्यातला धागा जाळून पाहिला तर जळलेल्या केसांसारखा वास येईल आणि राख बोटात चुरडली जाईल, अगदी हातमागाच्या साडीसारखीच. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते, त्यामुळे जाळून पाहण्याने रेशीम आहे की नाही एवढं कळतं. साडी कुणी विणली, कशी विणली, हे त्यातून कळत नाही. तेव्हा "शुद्ध रेशीम" हे वाक्य परिच्छेदात असायला हरकत नाही, पण सगळी किंमत त्याच्या खांद्यावर ठेवली तर ते लगेच कोसळतं.

खरा फरक पदराच्या नक्षीत, ती विणण्याच्या रीतीत आहे. ही रीत नीट समजली की परिच्छेद अर्धा लिहून झाला म्हणून समजा.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि धोट्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. यंत्रमागावर नक्षी काढायची तर जॅकार्ड नावाची यंत्रणा ठरलेले उभे धागे वर उचलते आणि त्यांच्याखालून नक्षीच्या रंगाचा आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. मोराच्या गळ्याला निळा धागा हवा असेल, तर तो निळा धागा पदराच्या अख्ख्या रुंदीतून जातो. मोराचा गळा आला की पुढच्या बाजूला दिसतो, आणि पुढच्या मोरापर्यंतचं अंतर मागच्या बाजूने लोंबत पार करतो. म्हणून अशा पदराच्या मागे मोकळ्या धाग्यांचं जाळं तयार होतं. ते बांगडीत अडकतं, नखात येतं. ते तसंच ठेवतात, नाहीतर कापून टाकतात. कापलं की नक्षीच्या कडेला धाग्यांची बारीक टोकं, केसाळ कडा राहते. काही साड्यांना पदराच्या मागे जाळीचं किंवा पातळ कापडाचं अस्तर लावलेलं असतं. त्याने धागे अडकत नाहीत हे खरं, पण मागची बाजूही झाकली जाते.

पैठणीचा पदर वेगळ्या रीतीने विणला जातो. तिथे निळा धागा मोराच्या गळ्यापुरताच जातो आणि गळ्याची कड आली की माघारी फिरतो. शेजारच्या जरीचा धागा त्याच्या कडेपर्यंत येतो, दोघे एकमेकांत गुंततात आणि आपापल्या वाटेने परततात. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. म्हणजे प्रत्येक आकृतीच्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची स्वतंत्र कांडी लागते. दाट नक्षीच्या पदरात एका ओळीत अशा कितीतरी कांड्या एकाच वेळी मागावर लोंबत असतात. विणकर उभे धागे बोटांनी मोजतो, एक कांडी त्यातून सरकवतो, खाली सोडतो, पुढची उचलतो. अशी सगळी रुंदी पार झाली की फणी एकदा ठोकली जाते. तेव्हा एक ओळ झाली. बारीक नक्षी असेल तर दिवसभर बसूनही पदर बोट-दोन बोटंच पुढे सरकतो. साडीचं साधं अंग धोट्याने भराभर विणलं जातं. वेळ खातो तो पदर, आणि त्याच्या पाठोपाठ अंगावर एकेक करून भरलेले बुट्टे.

या रीतीमुळे मागे लोंबायला धागाच उरत नाही. पदर उलटला तर मागेही तोच मोर दिसतो, फक्त आरशातल्यासारखा फिरलेला. दोन रंग जिथे भेटतात तिथे बोट फिरवलं तर किंचित जाडसर रेघ लागते. रंग सुरू होतो किंवा संपतो तिथे एखादं बारीक टोक दिसू शकतं, म्हणून "मागची बाजू तंतोतंत पुढच्यासारखी" असं लिहू नये. चिकित्सक गिऱ्हाईक ते एक टोक शोधून काढते आणि मग तिचा उरलेल्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. "मागेही मोर दिसतो, मोकळे किंवा कापलेले धागे दिसत नाहीत" एवढंच खरं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

ही खूण इतकी मोलाची का, हे अर्थशास्त्राच्या एका प्रसिद्ध निबंधातून छान समजतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक साधी पण अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली गाडी आणि खराब गाडी घेणाऱ्याला सारखीच दिसते, म्हणून तो दोन्हींच्या मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या उरतात. या कामासाठी पुढे 2001 साली त्याला दोघा सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पुरस्कार मिळाला. पैठणीच्या बाजारात हे रोज घडतं. गिऱ्हाइकाला दोन पदरांत फरक दिसला नाही, तर ती हातमागाच्या साडीलाही यंत्रमागाच्या जवळपासची किंमत मागते, आणि विणकराच्या मुलाला मागावर बसण्यापेक्षा दुसरं काही करणं बरं वाटतं. अशा बाजारात परिच्छेदाला एकच काम करायचं असतं: गिऱ्हाइकाला फरक स्वतः पाहता येईल असं करायचं. स्तुती ते काम करू शकत नाही. स्तुती करायला विकणाऱ्याला काही खर्च येत नाही, हे गिऱ्हाईक पूर्ण ओळखून असते.

आता एक उदाहरण मुळापासून लिहून पाहू. समजा, येवल्यातलं एक विणकर जोडपं आहे आणि त्यांचं घरातच छोटं दुकान आहे. एका साडीसाठी त्यांना कार्ड छापायचं आहे. सगळे आकडे कल्पित आहेत. प्रत्येक विणकराने तिथे स्वतःचे घालायचे. किंमत 32,000 रुपये. रेशीम, जर आणि रंगाई यांना 7,500 लागले. ताणा तयार करणं, तो मागावर चढवणं, कांड्या भरणं यात घरातल्या दुसऱ्या माणसांची मजुरी 2,500. विणकर मागावर 40 दिवस बसला. दिवसाला 450 रुपये धरले तर 18,000. मागाची देखभाल, दुकानाचा खर्च आणि नफा मिळून 4,000. बेरीज 32,000. पदर दोन वीत लांब, अंगावर छोटे बुट्टे. जर टेस्टेड, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची.

या जोडप्याला "तुमच्या साडीबद्दल लिहा" म्हटलं तर ते बहुधा परंपरेपासून सुरुवात करतील. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, दोन हजार वर्षांचा वारसा, राजघराण्यांची पसंती. पैठणचं प्राचीनत्व खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो वारसा नावाचा आहे, आणि नाव तर नकली साडीही लावते. कसोटी लावली की हे वाक्य पडतं. ते पडू द्यायला विणकराचा जीव होत नाही, हे मी समजू शकते. त्याच्या आजोबांच्या मागाचा अभिमान त्या वाक्यात असतो. तो अभिमान दुकानाच्या भिंतीवर लावावा, कार्डावर त्याला जागा देऊ नये.

मग वाक्य येतं: "शुद्ध सोन्याची जर." यावर थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या साड्यांचे परिच्छेद सर्वांत जास्त खोटं इथेच बोलतात. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चपटी केलेली चांदीची तार गुंडाळायची आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा. तिच्यातही सोनं नावापुरतंच असतं, वजन चांदीचं असतं. जुन्या साड्यांची जर वजनावर विकत घेणारे लोक घरोघरी फिरायचे ते त्या चांदीसाठी. टेस्टेड जरीत चांदीच्या तारेची जागा तांब्याची तार घेते. तिसरा प्रकार प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीचा. आज हातमागाच्या अनेक पैठण्या टेस्टेड जरीत विणल्या जातात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, कारण या किमतीत चांदी परवडतच नाही. लाजण्यासारखं आहे ते तिला सोन्याची म्हणणं. काही वर्षांनी ती जर काळवंडते, घरातली एखादी जाणती बाई "ही काही चांदीची नव्हे" म्हणते, आणि हाताने विणलेला अव्वल पदरही त्या एका खोट्या वाक्यापायी नकली ठरतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि असं वाक्य त्यात सहज बसतं. पण कायद्याच्या आधी गिऱ्हाइकाची मैत्रीण येते, आणि खरा निकाल तीच लावते.

"पिढ्यान्‌पिढ्या टिकते" हेही वाक्य काढावं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं तर घडीवर चिरतं. साडी टिकणं निम्मं ती सांभाळणाऱ्यावर अवलंबून असतं. ज्या गोष्टीची हमी विणकर देऊ शकत नाही ती त्याने लिहू नये.

उरलं काय? पदराची मागची बाजू, दोन वीत लांबी, 40 दिवस, पैशांचा हिशोब आणि जरीबद्दलचं खरं. यातून असा परिच्छेद होईल:

"आधी पदर उलटून पाहा. मागेही मोर दिसेल. मोकळे किंवा कापलेले धागे दिसणार नाहीत, कारण प्रत्येक रंगाची कांडी हाताने फिरवून हा पदर विणला आहे. दोन वीत पदर आणि अंगावरचे बुट्टे धरून ही साडी 40 दिवस मागावर होती. किमतीतले 18,000 रुपये त्या दिवसांचे आहेत. रेशीम, जर आणि रंगाई 7,500 रुपयांची. जर टेस्टेड आहे, चांदीची नाही. समोरून असाच दिसणारा यंत्रमागाचा पदर 2,800 रुपयांतही मिळतो. दोन्ही साड्या शेजारी ठेवा, उलटून पाहा आणि मग ठरवा."

सहज वाचलं तर हा परिच्छेद कोरडा वाटेल. त्यात एकही विशेषण कौतुकाचं नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य काही ना काही काम करतं, आणि त्यांचा क्रमही विचार करून लावलेला आहे.

पहिलं वाक्य गिऱ्हाइकाला काहीतरी करायला लावतं. ती पदर उलटते, आणि पुढचं वाक्य वाचायच्या आत तिच्या हातात पुरावा असतो. आधी दावा करून मग पुरावा दिला तर दावा ऐकतानाच मन सावध होतं. इथे आधी पाहणं आणि मग त्याचा अर्थ. तिसऱ्या वाक्यातला "कारण" फार महत्त्वाचा आहे. मागची बाजू स्वच्छ असणं हा काही दिमाखाचा भाग नव्हे. ती साडी कशी विणली याची ती खूण आहे, आणि त्या विणण्याला दिवस लागतात. खुणेपासून रीतीकडे, रीतीपासून दिवसांकडे, दिवसांपासून रुपयांकडे अशी सरळ वाट आहे. मधली एक पायरी गाळली तर गिऱ्हाईक तिथेच अडकते. "हाताने विणली म्हणून महाग" असं नुसतं म्हटलं तर हात आणि पैसा यांचा संबंध तिला दिसत नाही. तीही दिवसभर हाताने कामं करते, आणि त्याचे तिला कुणी पैसे देत नाही.

दोन वीत लिहिलं, इंच लिहिले नाहीत, कारण वीत तिच्याजवळ असते. तिथल्या तिथे मोजता येतं. शिवाय त्याच दुकानात चार वीत पदराची, दाट बुट्ट्यांची साडी कितीतरी महाग का आहे, याचं उत्तरही या एका मापात येऊन जातं. रेशीम तेच, विणकर तोच, काम वाढलं.

पैशांचा हिशोब छापावा की नाही, यावर दुकानदार बिचकतात. त्यांचं म्हणणं असतं की आकडा दिला की गिऱ्हाईक आकड्यावर वाद घालते. माझं मत उलट आहे. आकडा दिला नाही तर ती सगळ्या 32,000 वर वाद घालते. आकडा दिला की वादाची जागा ठरते. आणि हा हिशोब बघा, मालाची किंमत एकूण किमतीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी आहे. म्हणूनच फक्त रेशमाचं गुणगान करणारा परिच्छेद हरतो. गिऱ्हाईक विचारते, "रेशीम एवढं महाग असतं का?" आणि खरं उत्तर "नाही" असं असतं. किंमत दिवसांची आहे. मग दिवसांबद्दलच बोलायला हवं.

जरीचं वाक्य तिथे मुद्दाम ठेवलं आहे. स्वतःच्या वस्तूतली एक मर्यादा न विचारता सांगितली की बाकीच्या वाक्यांना वजन येतं, हे खरं. पण ते युक्ती म्हणून वापरू नये. चांदीची जर समजून कुणी साडी घेऊ नये, एवढाच त्याचा हेतू. जिला चांदीची जर हवी ती विचारेल, आणि मग तिला वेगळी साडी वेगळ्या किमतीत दाखवता येईल.

स्वस्त साडीचं नाव काढावं का? काढावं. गिऱ्हाइकाने ती पाहिलेली आहेच. आपण गप्प बसलो तर काहीतरी लपवतोय असं तिला वाटतं. पण त्या साडीला नावं ठेवू नयेत. तिच्या बहिणीने गेल्या महिन्यात तीच घेतलेली असू शकते, आणि ती हौसेने नेसलीही असेल. यंत्रमागाच्या साडीत फसवणूक नाही. फसवणूक ती हातमागाच्या किमतीत आणि हातमागाच्या नावाने विकण्यात आहे. परिच्छेद तिला "यंत्रमागाचा पदर" म्हणतो, किंमत खरी सांगतो, आणि तिथे थांबतो.

इथे एक अडचण आहे आणि ती येवल्यातल्या लोकांनाही सतावते. दोन टोकांच्या मध्ये तिसरी साडी असते: हातमागावरच, पण जॅकार्ड लावून विणलेली. तिला ब्रोकेड म्हणतात. माणूसच मागावर बसलेला असतो, पण नक्षीचे धागे जॅकार्ड उचलतं, काम कितीतरी लवकर होतं आणि मागे धागे येतात. तिची किंमत मधली असते, असायलाच हवी. हातमागाची म्हणून सांगणं खोटं नाही, पण वर दिलेला परिच्छेद तिच्याखाली लावला तर पहिल्याच वाक्याला ती उघडी पडते. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहायला हवा, जो जॅकार्डचं नाव घेतो आणि दिवस कमी सांगतो. एकाच दुकानात तीन प्रकारच्या साड्या असतील तर कार्डंही तीन हवीत. एकच छान मजकूर सगळ्यांना लावणारा दुकानदार आपल्याच सर्वांत चांगल्या साडीचं नुकसान करतो.

चिन्हांबद्दलही हेच. साडीला लटकवलेल्या लेबलांची गिऱ्हाइकाच्या मनात सरमिसळ असते. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळू शकतो. 2006 साली सुरू झालेला हँडलूम मार्क सांगतो की कापड हातमागाचं आहे. नक्षी कांड्यांची की जॅकार्डची, हे तो सांगत नाही. भौगोलिक मानांकन पैठणी या नावाला संरक्षण देतं, आणि ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे त्यालाच ते चिन्ह लावता येतं. तीन चिन्हं म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं. कार्डावर "सर्व शासकीय प्रमाणपत्रांसह" असं मोघम लिहिण्याऐवजी जे चिन्ह आहे त्याचं नाव आणि ते काय सांगतं हे एका ओळीत लिहावं. पण पदर उलटण्याच्या वाक्याची जागा त्याला देऊ नये. लेबल सुटं असतं, एका साडीवरून दुसऱ्या साडीवर जाऊ शकतं. पदराची मागची बाजू कुठेही जात नाही.

काठावरच्या टाचणीच्या बारीक भोकांवरून हातमाग ओळखा, असंही पुष्कळदा सांगितलं जातं. विणताना कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांना काटे असतात, त्यांची ती भोकं. खूण खरी आहे, पण यंत्रमागावरही कापड ताणून धरायला काटेरी चकत्या वापरतात आणि त्याही भोकं पाडतात. म्हणजे ही खूण नकली साडीतही सापडते. परिच्छेदात ती घातली तर आपणच गिऱ्हाइकाच्या हाती चुकीची फूटपट्टी देतो.

फोनवरून विक्री होते तेव्हा "उलटून पाहा" हे वाक्य पांगळं होतं, कारण उलटायला समोर साडीच नसते. तिथे मजकुरासोबत त्याच साडीच्या पदराच्या मागच्या बाजूचा फोटो जायला हवा. जवळून घेतलेला, उजेडात, कडेला हाताचं बोट ठेवून, म्हणजे आकार कळतो. दुसऱ्याच साडीचा जुना फोटो पाठवणारे विक्रेते इथेच घसरतात: पार्सल उघडल्यावर मोराची शेपटी वेगळी निघते. मागच्या बाजूचा फोटो मागितला आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर घेणाऱ्याने त्यातून काय समजायचं ते समजावं. अस्तर लावलेला पदर असेल तर अस्तराची एक कड उचलून फोटो मागावा. हातमागाच्या कांडीच्या पदराला अस्तराची गरजच नसते.

आणि सवलत. चांगल्या परिच्छेदाची सगळी मेहनत वाया घालवायचा हा सर्वांत सोपा मार्ग. कार्डावर लिहायचं की 18,000 रुपये दिवसांचे आहेत, आणि शेजारी लाल अक्षरांत 64,000 खोडून 32,000. गिऱ्हाईक दोन्ही वाचते. निम्मी किंमत एका फटक्यात सोडता येत असेल तर ती आधी कशाची होती? दिवसांची तर नक्कीच नव्हती, कारण विणकराने 40 पैकी 20 दिवस परत घेतलेले नाहीत. ज्या वस्तूच्या किमतीला कारण आहे तिची किंमत फुगवून कमी करता येत नाही. तसं केलं की कारण खोटं ठरतं.

घासाघीस मात्र होणारच. आपल्याकडे साडी घासाघीस न करता घेतली तर घरी जाऊन बोलणी बसतात. परिच्छेद तिलाही वळण लावतो. "काकू, तुम्हीच बघा," दुकानातली बाई कार्डावर बोट ठेवून म्हणू शकते, "हे अठरा हजार त्यांच्या दिवसांचे, त्याला मी हात लावू शकत नाही. साडेसात मालाचे, अडीच ताण्याचे आणि कांड्यांचे. राहिले चार. त्यात दुकान चालतं. त्यातले पाचशे सोडते." काकू हजार म्हणतील. सातशेवर जुळेल. पण बोलणं आता चार हजारांच्या आत चाललेलं असतं. बत्तीस हजारांची साडी पंधराला मागायचा विचार काकूंच्या मनात दारातून आत येताना असेलही, तो पदर उलटल्यापासून त्यांनी बोलून दाखवलेला नसतो. आणि ज्यांच्या हाती तीनच हजार आहेत त्या काकू शेजारच्या दुकानातून यंत्रमागाची साडी घेतील, 2,800 रुपयांतच घेतील. कुणी तीच साडी हातमागाची म्हणून बारा हजारांना दाखवली, तर आधी पदर उलटतील.